सीआयडीआर आणि सबनेट मास्क: फायरवॉलचा नियम नेमका कोणत्या पत्त्यांना लागू होतो? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

### नियमात 10.20.37.0/20 लिहिलंय. म्हणजे 37 वाल्या विभागातलेच पत्ते ना?

नाही. हा नियम 10.20.32.0 पासून 10.20.47.255 पर्यंतच्या सगळ्या पत्त्यांना लागू होतो. एकूण ४०९६ पत्ते, आणि 37 वाले त्यातले फक्त २५६.

ही चूक मी स्वतः केलेली आहे. एका डेटाबेस सर्व्हरवर 5432 पोर्ट फक्त हिशोब विभागासाठी उघडायचा होता आणि त्यांचे पत्ते 10.20.37 ने सुरू होत. मी राउटरच्या तक्त्यातून मास्क उचलला. तिथे पूर्ण इमारतीसाठी एकच /20 चा मार्ग होता. विभागाचा पत्ता आणि इमारतीचा मास्क असं दोन्ही एकत्र नियमात गेलं. काही आठवड्यांनी डेटाबेसच्या लॉगमध्ये 10.20.44.118 वरून चुकीच्या पासवर्डचे प्रयत्न दिसले. 10.20.44 हा पाहुण्यांच्या वायफायचा विभाग. 44 हे 32 आणि 47 च्या मधे येतं, त्यामुळे फायरवॉलने त्याला मुकाट्याने आत सोडलं होतं. नियमाने काही चुकवलं नव्हतं, मी लिहिलं तेच तो करत होता.

नियमात लिहिलेला पत्ता हा ब्लॉकची सुरुवात असेलच असं नाही. तो ब्लॉकमधला कोणताही पत्ता असू शकतो. ब्लॉक कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे स्लॅशनंतरचा आकडा ठरवतो. पत्ता, स्लॅश आणि आकडा अशा या लिखाणालाच सीआयडीआर म्हणतात.

### सुरुवात आणि शेवट कागदावर कसे काढायचे? बायनरी येत नाही.

बायनरीशिवाय जमतं. वरचंच उदाहरण घेऊ.

आधी स्लॅशचा आकडा मास्कमध्ये बदला. /20 म्हणजे डावीकडून २० बिट पक्के. पत्त्यातला टिंबांनी वेगळा केलेला प्रत्येक आकडा म्हणजे ऑक्टेट, तो ८ बिटांचा, म्हणून पहिले दोन ऑक्टेट पूर्ण भरले (१६ बिट) आणि तिसऱ्यातले ४ उरले. ४ बिट भरलेल्या ऑक्टेटची किंमत 240 असते. मास्क झाला 255.255.240.0.

आता मास्कमधला असा ऑक्टेट शोधा जो 255 नाही आणि 0 ही नाही. सगळी मेख त्या एकाच ऑक्टेटमध्ये असते. इथे तो तिसरा. त्याला 256 मधून वजा करा:

```
256 - 240 = 16
```

तिसऱ्या ऑक्टेटमध्ये ब्लॉक १६ च्या उड्या मारत पुढे जातात: 0, 16, 32, 48, 64 असे. आपला 37 हा 32 आणि 48 च्या मधे आहे, म्हणून ब्लॉकची सुरुवात 32. पुढचा ब्लॉक 48 ला सुरू होतो, तेव्हा आपला 47 ला संपतो. त्या ऑक्टेटच्या उजवीकडचं जे काही असेल ते सुरुवातीला 0 आणि शेवटी 255. उत्तर 10.20.32.0 ते 10.20.47.255.

उड्या नेहमी 0 पासून मोजायच्या, नियमातल्या आकड्यापासून नाही. बहुतेक लोक इथेच घसरतात: 37 पासून १६ मोजून 37 ते 52 असा पट्टा काढतात. असा ब्लॉक अस्तित्वातच नसतो.

चौथ्या ऑक्टेटमध्येही हीच रीत. 192.168.10.130/26 चा मास्क 255.255.255.192, उडी 64, आणि 130 हा 128 ते 191 मध्ये पडतो. खासगी पत्त्यांचा 172.16.0.0/12 हा पट्टा मात्र दुसऱ्या ऑक्टेटवर ठरतो. मास्क 255.240.0.0, उडी 16, म्हणून 172.16 ते 172.31. जे लोक 172 ने सुरू होणारं सगळं आतलं समजून 172.0.0.0/8 ला मोकळीक देतात, ते इंटरनेटवरच्या अनोळखी पत्त्यांनाही आत घेतात. 172.32 पासून पुढचे पत्ते खासगी नाहीत.

### मास्कच्या ऑक्टेटमध्ये कोणते आकडे येऊ शकतात?

फक्त नऊ: 0, 128, 192, 224, 240, 248, 252, 254, 255. अनुक्रमे ० ते ८ बिट भरलेले. इतकी यादी पाठ असली की मास्क ते स्लॅश आणि उलट, दोन्ही तोंडी होतं. 255.255.248.0 म्हणजे ८ + ८ + ५, म्हणून /21.

245 सारखा आकडा मास्कमध्ये दिसला तर टंकनाची चूक समजा. बायनरीत तो 11110101 असतो, मधे शून्य येतं, आणि असा मास्क स्लॅशने लिहिताच येत नाही.

### पण मुळात 37 चं 32 होतं कसं?

फायरवॉल पत्त्यांची यादी ठेवत नाही. आलेल्या पॅकेटचा पत्ता आणि मास्क यांची बिटाला बिट लावून तुलना करतो. दोन्हीकडे 1 असेल तरच 1, नाहीतर 0. तिसऱ्या ऑक्टेटपुरतं बघा:

```
 37 = 00100101
240 = 11110000
      --------
      00100000 = 32
```

मास्कमध्ये जिथे 0 आहे तिथली पत्त्याची बिटं पुसली जातात, ती काहीही असली तरी. 44 ची बायनरी 00101100. त्याचीही खालची चार बिटं पुसली की 32 च उरतात. नियमातल्या पत्त्याचे 32 आणि पॅकेटमधल्या पत्त्याचे 32 जुळले की नियम लागू झाला. 48 मध्ये मात्र वरची चार बिटं 0011 होतात, म्हणून तो बाहेर.

उड्या 0 पासूनच का मोजायच्या, याचं कारणही हेच. खालची बिटं पुसल्यावर उरणारा आकडा उडीच्या पटीतलाच असू शकतो.

### मी चुकीचा पत्ता लिहिला तर फायरवॉल अडवत का नाही?

काही अडवतात, काही नाही. लिनक्सवरचं iptables अडवत नाही, गुपचूप दुरुस्त करतं:

```
# iptables -A INPUT -s 10.20.37.0/20 -p tcp --dport 5432 -j ACCEPT
# iptables -S INPUT
-A INPUT -s 10.20.32.0/20 -p tcp -m tcp --dport 5432 -j ACCEPT
```

लिहिताना 37, वाचताना 32. नियम घातल्यावर तो परत वाचून दाखवायला लावणं ही म्हणूनच चांगली सवय आहे. तुम्ही टाकलेला पत्ता आणि दिसणारा पत्ता वेगळा असेल, तर तुमच्या डोक्यातला पट्टा आणि फायरवॉलचा पट्टा एक नाही. माझ्या प्रकरणात मी ही दुसरी ओळ एकदा जरी पाहिली असती, तरी 32 डोळ्यांत खुपला असता.

पायथनचं ipaddress मॉड्युल याउलट कडक आहे. त्याला 10.20.37.0/20 हे नेटवर्क म्हणून दिलं तर ते `has host bits set` अशी तक्रार करून थांबतं. नियमांची फाइल फायरवॉलमध्ये भरण्याआधी त्यातून चाळून घेतली, तर पत्ता आणि मास्क न जुळणाऱ्या ओळी लगेच बाहेर पडतात. एक मात्र ध्यानात ठेवा: 10.20.32.0/20 लिहिलं असतं तर तेही गप्प बसलं असतं. पट्टा गरजेपेक्षा मोठा आहे की नाही, हे कोणतंच साधन ओळखू शकत नाही. तुम्हाला कोण आत हवं होतं हे त्याला माहीत नसतं.

### पत्ते मोजताना पहिला आणि शेवटचा सोडायचे असतात ना?

ते सबनेटमध्ये यंत्रांना पत्ते वाटताना. तिथे पहिला पत्ता नेटवर्कचा आणि शेवटचा ब्रॉडकास्टचा असतो, म्हणून /24 मध्ये २५४ यंत्रं बसतात. फायरवॉलला या वाटणीशी काही देणंघेणं नाही. त्याच्यासाठी /24 म्हणजे २५६ पत्ते, सगळेच्या सगळे.

फरक पुस्तकी वाटेल, पण नियमातला ब्लॉक आणि तारेवरचा सबनेट एकाच आकाराचे नसले की तो जाणवतो. आपल्या /20 मध्ये 10.20.37.255 हा मधलाच एक पत्ता आहे. प्रत्यक्षातले सबनेट /20 चेच असतील तर तो एखाद्या लॅपटॉपचा साधा पत्ताही असू शकतो. शेवटी 255 दिसलं म्हणून तो सोडून देऊ नका.

संख्या काढायचं सूत्र सरळ आहे: 32 मधून स्लॅशचा आकडा वजा करा आणि 2 चा तितका घात घ्या. /20 साठी 2 चा 12 वा घात, म्हणजे ४०९६. स्लॅशचा आकडा एकाने कमी झाला की पत्ते दुप्पट.

### मला फक्त 10.20.37.100 ते 10.20.37.200 एवढेच पत्ते हवेत. कोणता स्लॅश लिहू?

एका स्लॅशने हे होणार नाही. ब्लॉकचा आकार 1, 2, 4, 8, 16 असाच असतो आणि तो स्वतःच्या आकाराच्या पटीवरच सुरू होऊ शकतो. १०१ पत्त्यांचा ब्लॉक नसतो, आणि 128 पत्त्यांचा ब्लॉक 100 ला सुरू होत नाही.

मग तुकडे जोडावे लागतात. 100 ला चारने भाग जातो, आठने नाही, म्हणून तिथे जास्तीत जास्त चारचाच ब्लॉक बसतो: 100 ते 103. पुढे 104 ला आठने भाग जातो, तर आठचा: 104 ते 111. मग 112 ला सोळाचा. 127 संपल्यावर 128 येतो. त्याच्यावर 128 चा ब्लॉकही बसला असता, पण तो 255 पर्यंत जाईल आणि आपल्याला 200 ला थांबायचंय, म्हणून 64 चा. असं करत जाऊन सहा ओळी होतात:

```
10.20.37.100/30   100-103
10.20.37.104/29   104-111
10.20.37.112/28   112-127
10.20.37.128/26   128-191
10.20.37.192/29   192-199
10.20.37.200/32   200
```

बेरीज करून पाहा: 4 + 8 + 16 + 64 + 8 + 1 = 101. ही बेरीज जुळली नाही तर कुठेतरी फट राहिलीय किंवा दोन तुकडे एकमेकांवर चढलेत.

बऱ्याच फायरवॉलमध्ये पहिला आणि शेवटचा पत्ता देऊन थेट पट्टा लिहिता येतो. iptables मध्ये त्यासाठी `-m iprange --src-range 10.20.37.100-10.20.37.200` आहे. सोय असेल तर तीच वापरा, सहा ओळींपेक्षा ती वाचायला सोपी. अर्थात यंत्रांना पत्ते वाटणं तुमच्याच हातात असेल तर याहून चांगला उपाय म्हणजे त्यांना 128 ते 255 मध्ये हलवणं. मग एक /25 पुरतो.

### 192.168.1.0/24 आणि 192.168.2.0/24 या दोन ओळींची एक /23 करता येईल का?

नाही, जरी दोन्ही शेजारी असले तरी. /23 ची उडी 2 आहे, म्हणून जोड्या ठरलेल्या आहेत: 0 आणि 1, 2 आणि 3, 4 आणि 5. तुम्ही 192.168.1.0/23 लिहिलंत तर लागू होईल 192.168.0.0 ते 192.168.1.255. म्हणजे 2 वाले बाहेर राहिले आणि न मागितलेले 0 वाले आत आले. 192.168.2.0/23 लिहिलंत तर 2 आणि 3 येतील.

ही चूक ओळखण्याची खूण मजेशीर आहे: ओळी कमी करून नियम ‘नीटनेटके’ केल्यानंतर अर्ध्या लोकांचं बंद पडतं आणि अर्ध्यांचं व्यवस्थित चालू राहतं.

### सिस्कोच्या राउटरवर 0.0.15.255 असं उलटं काहीतरी दिसतं. ते काय आहे?

तो वाइल्डकार्ड मास्क. सबनेट मास्कच्या बरोबर उलट: जिथे 0 तिथे बिट जुळलंच पाहिजे, जिथे 1 तिथे काहीही चालेल. काढायचा असेल तर प्रत्येक ऑक्टेट 255 मधून वजा करा. 255.255.240.0 चा झाला 0.0.15.255. यात एक सोय आहे. सुरुवातीच्या पत्त्यात वाइल्डकार्ड मिळवला की शेवटचा पत्ता थेट मिळतो: 10.20.32.0 मध्ये 0.0.15.255 मिळवा, 10.20.47.255.

घोळ होतो तो सवयीने सबनेट मास्क लिहिल्यावर. राउटरच्या अ‍ॅक्सेस लिस्टमध्ये

```
access-list 10 permit 192.168.10.0 255.255.255.0
```

अशी ओळ गेली, तर तिचा अर्थ होतो ‘पहिले तीन ऑक्टेट काहीही चालतील, शेवटचा मात्र 0 हवा’. म्हणजे जगातला शेवटी .0 असलेला कुठलाही पत्ता चालेल, पण तुमचा 192.168.10.25 अडेल. त्याच कंपनीच्या एएसए फायरवॉलमध्ये मात्र साधा सबनेट मास्कच लिहायचा असतो, त्यामुळे एकीकडची ओळ दुसरीकडे चिकटवण्याआधी मास्क पाहून घ्या.

### स्लॅश लिहायचाच राहिला, किंवा त्यातला एक आकडा सुटला तर?

iptables मध्ये स्लॅश नसेल तर तो /32 धरला जातो, म्हणजे एकच पत्ता. 10.20.37.0 असं नुसतं लिहिलं की नियम फक्त त्या एका पत्त्यापुरता उरतो आणि विभागातलं कोणीच आत येऊ शकत नाही. ही चूक त्यातल्या त्यात बरी, कारण पाच मिनिटांत कोणीतरी ओरडतं.

आकडा सुटणं जास्त वाईट. 192.168.1.0/24 मधला 4 टंकायचा राहिला आणि /2 झालं, तर मास्क 192.0.0.0 आणि उडी पहिल्याच ऑक्टेटमध्ये 64. नियम 192.0.0.0 पासून 255.255.255.255 पर्यंत, म्हणजे पूर्ण आयपीव्ही४ च्या पाव भागाला लागू झाला. ज्यांना आत यायचं होतं त्यांचं काम सुरळीत चालतं, म्हणून कोणी तक्रारही करत नाही. नियमांच्या यादीतून स्लॅशनंतर एकच अंक असलेल्या ओळी वेगळ्या काढून नजरेखालून घालाव्यात. /8 आणि सगळ्यांसाठीचा /0 यांच्याखेरीज तिथे क्वचितच काही खरं सापडतं.

### नियम बरोबर लागू होतोय याची खात्री कशी करायची?

चार पत्ते तपासा: ब्लॉकचा पहिला, शेवटचा, पहिल्याच्या आधीचा आणि शेवटच्याच्या नंतरचा. चूक असलीच तर ती कडेला असते, मधला एखादा पत्ता तपासून काही कळत नाही.

```
import ipaddress as ip
n = ip.ip_network("10.20.32.0/20")
for a in ["10.20.31.255", "10.20.32.0",
          "10.20.47.255", "10.20.48.0"]:
    print(a, ip.ip_address(a) in n)
```

उत्तर False, True, True, False असं यायला हवं. त्यानंतर, ज्यांना आत येऊ द्यायचं नाही असा एक ओळखीचा पत्ता घाला. मी आता पाहुण्यांच्या वायफायचा एक पत्ता कायम घालतो.

ही झाली गणिताची तपासणी. प्रत्यक्षात पॅकेट त्या नियमापर्यंत पोहोचतंय का, हे `iptables -L INPUT -v -n` मधल्या मोजणीवरून कळतं. चाचणीसाठी जोडणी करून पाहिली आणि त्या ओळीचा आकडा वाढला नाही, तर दोन शक्यता आधी पाहाव्यात. एक, वरच्या एखाद्या मोठ्या ब्लॉकच्या नियमाने पॅकेट आधीच उचललंय, कारण इथे वरून खाली जाताना जुळलेला पहिला निर्णय चालतो. जास्त नेमका मास्क असलेला नियम आपोआप वरचढ ठरत नाही. तो नियम राउटिंगचा, आणि लोक त्याची गल्लत करतात. दोन, मधे पत्ता बदलणारं उपकरण आहे आणि फायरवॉलला दिसणारा पत्ता तुम्ही मोजलेला नाहीच.

### आयपीव्ही६ ला हे सगळं लागू पडतं का?

तत्त्व तेच, मोजणी उलट सोपी. तिथे मास्क लिहायची पद्धतच नाही, फक्त स्लॅश. पत्ता हेक्साडेसिमलमध्ये असतो आणि प्रत्येक अंक ४ बिटांचा, म्हणून स्लॅशच्या आकड्याला चारने भाग गेला की कड बरोबर अंकावर येते. 2001:db8:0:4000::/52 म्हणजे पहिले तेरा अंक पक्के, त्यामुळे चौथा गट 4000 पासून 4fff पर्यंत. भाग गेला नाही तर उड्या मोजायच्या, पण 256 ऐवजी 16 च्या हिशोबात. /50 मध्ये त्या अंकाची दोन बिटं पक्की असतात, उडी 4, म्हणून 4000 ते 7fff.

आणि iptables वर लिहिलेला कोणताही नियम आयपीव्ही६ ला मुळीच लागू होत नाही. त्यासाठी ip6tables वेगळं आहे. सर्व्हरला दोन्ही प्रकारचे पत्ते असतील तर 5432 तिकडूनही बंद केलाय का, ते `ip6tables -S INPUT` ने पाहा.